कोल्हापुरातून चपला पाठवायच्या तर कुरिअर कुठला? झोनचे दर, पिकअप आणि परतीच्या पार्सलांचा हिशोब

प्रश्न: "आम्ही कोल्हापुरात घरीच हाताने चपला करतो आणि ऑनलाइन विकतो. महिन्याला सव्वाशेच्या आसपास पार्सलं जातात, निम्म्याहून जास्त कॅश ऑन डिलिव्हरी. दोन कुरिअर कंपन्या आणि एक ॲग्रीगेटर अशी तीन रेट कार्डं समोर आहेत. सगळ्यात स्वस्त घ्यावं तर ते पिकअपला येत नाहीत असं ऐकते, आणि परत आलेल्या पार्सलांनी तर जीव नकोसा केलाय. दादा, यातलं कुठलं धरू?"

उत्तर:

ताई, तिन्ही कार्डं जरा बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या मागच्या शंभर ऑर्डरींची यादी काढा. पिनकोड, वजन, सीओडी की आधी पैसे भरलेली, पोचली की परत आली, एवढे चार रकाने पुरेत. कुरिअर कुठला हे रेट कार्डावरून ठरत नाही, या यादीवरून ठरतं. मी इचलकरंजीत बसून माझा स्वतःचा कापडाचा माल आणि आसपासच्या पाच-सहा विक्रेत्यांचं डिस्पॅच सांभाळतो. त्यात चपलावालेही आहेत, त्यामुळे तुमच्या मालाची अडचण मला जवळून माहीत आहे.

सुरुवात वजनापासून करतो, कारण झोनचा दर पाहण्याआधी तुमचं पार्सल कुठल्या स्लॅबमध्ये बसतं हे ठरतं आणि सगळ्यात जास्त पैसा गुपचूप तिथेच जातो. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायची. काही करारांत भाजक वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. पुढे अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे. शीटमध्ये B रकान्यात काट्यावरचं वजन किलोत आणि C, D, E मध्ये मापं सेंटिमीटरमध्ये घातली की हे सूत्र स्लॅब काढून देतं:

```
=CEILING(MAX(B2, C2*D2*E2/5000), 0.5)
```

आता तुमची चप्पल घ्या. जोडीचं वजन पाऊण-एक किलो. ती 32 × 22 × 12 च्या खोक्यात घातली तर 1.69 किलो होतं, म्हणजे बिल दोन किलोचं. तीच जोडी तळव्याला तळवा लावून, मधे कागद घालून, पन्हळी पुठ्ठ्याच्या चपट्या पाकिटात 30 × 22 × 7 मध्ये बसवली तर 0.92 किलो, म्हणजे एका किलोचा स्लॅब. बिल जवळजवळ अर्ध्यावर येतं. पण नुसत्या प्लास्टिकच्या कुरिअर बॅगेत कोंबू नका. हबमधलं मशीन पार्सलचा सगळ्यात फुगलेला भाग मोजतं. सातचे नऊ सेंटिमीटर झाले की वजन 1.19 वर जातं आणि तुम्ही दीड किलोच्या स्लॅबमध्ये पडता. पुठ्ठा कडक हवा तो यासाठी. काट्यावर ठेवलेल्या आणि टेप लावलेल्या पार्सलचा एकेक फोटो मोबाइलमध्ये ठेवून द्या. वजनाच्या तफावतीचं बिल आलं तर हरकत घ्यायला मुदत फार नसते, साधारण आठवडाभर, आणि फोटो नसेल तर कुणी ऐकून घेत नाही.

झोन म्हणजे नक्की काय

कार्डावर ए, बी, सी, डी, ई असे रकाने असतात. ढोबळमानाने ए म्हणजे त्याच शहरात, बी म्हणजे राज्यात किंवा जवळच्या भागात, सी म्हणजे मेट्रो ते मेट्रो, डी म्हणजे बाकीचा भारत, आणि ई म्हणजे ईशान्येची राज्यं, जम्मू-काश्मीर, अंदमान वगैरे. सेल्सवाला दर सांगताना बहुतेक वेळा ए किंवा सी चा आकडा सांगतो. कोल्हापूर मेट्रोत धरत नाहीत, त्यामुळे सी चा रकाना तुमच्या उपयोगाचाच नाही. तुमची चप्पल दिल्लीला गेली, बंगळूरला गेली किंवा बिहारमधल्या एखाद्या तालुक्याला गेली, तरी बिल डी चं लागतं. ए मध्येही तुमच्या चार-दोनच ऑर्डरी असतील. तुमचा सगळा खेळ बी आणि डी या दोन रकान्यांत आहे.

खरी मेख बी च्या व्याख्येत आहे. एक कंपनी बी म्हणजे 'राज्यांतर्गत' म्हणते, दुसरी 'पाचशे किलोमीटरच्या आत' म्हणते, तिसरी आपल्या विभागाप्रमाणे महाराष्ट्र, गोवा, गुजरात असं एकत्र धरते. कोल्हापुरातून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणि नागपूर आठशेच्या वर. राज्याप्रमाणे धरणाऱ्या कंपनीकडे नागपूर बी आणि बेळगाव डी. अंतराप्रमाणे धरणाऱ्या कंपनीकडे नेमकं उलट. तुमचं बरंच गिऱ्हाईक बेळगाव, निपाणी, गोवा या पट्ट्यातलं असेल तर पहिल्या कंपनीचा बी चा दर पाच रुपये कमी असूनही ती तुम्हाला महाग पडेल. म्हणून कंपनीकडून पिनकोडनिहाय झोनची फाइल मागा. देतात, फक्त मागावी लागते. तुमचे शंभर पिनकोड त्यात टाका आणि प्रत्येक कंपनीकडे किती बी, किती डी, किती ई निघतात ते मोजा. त्याच फाइलमध्ये कुठल्या पिनकोडला सीओडी बंद आहे आणि कुठे लांबच्या भागाचा जादा आकार आहे, तेही दिसतं.

पोस्टाचं गणित वेगळं. स्पीड पोस्टला ए-बी-सी नाही, किलोमीटरचे टप्पे आहेत: स्थानिक, 200 पर्यंत, 201 ते 500, 501 ते 1000, 1001 ते 2000 आणि त्यापुढे. तिथे राज्याची सीमा आड येत नाही, बेळगाव जवळचंच धरलं जातं.

दर बघताना तो 'सरफेस'चा आहे ना हेही पाहा. चपलांना विमानाची घाई नाही. आणि कार्डावरच्या दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. तुमचा जीएसटी नंबर कुरिअरच्या बिलावर असेल तर तो क्रेडिट म्हणून घेता येतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर तो सगळा खर्चच आहे, हिशोबात धरा.

एक हिशोब पूर्ण मांडून

अशाच एका चपलांच्या विक्रेत्याचा हिशोब मी मांडून दिला होता. दर इथे सोपे करून घेतो, तुम्ही तुमच्या कार्डावरचे घाला. शंभर पार्सलं, सगळी एका किलोच्या स्लॅबमधली: 58 बी, 40 डी, 2 ई. त्यांतली 65 सीओडी.

पहिल्या कंपनीचा दर बी ला 62, डी ला 88, ई ला 120. दुसरीचा 70, 96 आणि 130. दोघांचाही सीओडी आकार पार्सलमागे 35, आणि पार्सल परत आलं तर परतीचं भाडं जातानाच्या इतकंच. जाण्याचं भाडं पहिलीकडे 7,356 रुपये आणि दुसरीकडे 8,160. पार्सलमागे आठ रुपये स्वस्त म्हणून तो विक्रेता पहिलीकडेच होता.

पहिलीकडे शंभरातली 22 परत येत होती, 10 बी ची आणि 12 डी ची. त्यांचं परतीचं भाडं 1,676. सीओडी आकार बहुतेक करारांत पोचलेल्या पार्सलालाच लागतो, म्हणून 43 पार्सलांचे 1,505. एकूण 10,537, जीएसटी धरून 12,434. पोचली 78. म्हणजे पोचलेल्या दर जोडीमागे 159 रुपये.

दुसरीकडे परत आली 15, सात बी ची आणि आठ डी ची. परतीचं भाडं 1,258, सीओडी आकार 50 पार्सलांचे 1,750, एकूण 11,168 आणि जीएसटीसह 13,178. पोचली 85. दर जोडीमागे 155 रुपये.

म्हणजे कार्डावर आठ रुपयांनी महाग असलेली कंपनी हातात चार रुपयांनी स्वस्त पडली. शिवाय सात जोड्या जास्त विकल्या गेल्या. जोडीमागे तीनशे रुपये सुटत असतील तर ते एकवीसशे रुपये वेगळेच. परत आलेल्या जोडीचं पॅकिंग वाया जातं आणि ती दोन-तीन आठवडे वाटेत अडकून बसते, त्या काळात त्या मापाची चप्पल तुम्हाला विकता येत नाही, हे तर मी धरलेलंच नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. शंभरात 22 आणि 15 हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. एखाद्या महिन्यात गिऱ्हाइकंच तशी आली असतील. एका कंपनीला गेल्या दिवाळीत माल दिला आणि दुसरीला आता श्रावणात, अशी तुलना तर मुळीच करू नका. दोन कंपन्या निवडा आणि दोन महिने सम क्रमांकाच्या ऑर्डरी एकीला, विषम दुसरीला द्या. गिऱ्हाईक, मोसम, माल सगळं सारखं राहतं. आणि नुसता परतीचा आकडा बघू नका, परत का आलं ते बघा. तिथे थोड्या पार्सलांतही खरं काय ते दिसतं. ते खाली सांगतो.

पिकअप

पिकअप चुकण्यामागे बहुतेक वेळा कुणाचा हलगर्जीपणा नसतो, हिशोब असतो. पिकअपवाल्या मुलाची एक फेरी ठरलेली असते. संध्याकाळच्या लाइनच्या गाडीत माल चढवायचा म्हणून त्याला ठराविक वेळेत शाखेत परतावं लागतं. बऱ्याच ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात. तुमच्याकडे दोन पार्सलं आणि पुढच्या गल्लीत चाळीस असतील, तर उशीर झाला की गळतं ते तुमचंच घर.

ॲग्रीगेटर वापरताना हा घोटाळा आणखी वाढतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. शिपरॉकेट, निंबसपोस्ट, आयथिंक लॉजिस्टिक्स यांच्यासारख्या पॅनेलवर एका खात्यात डेल्हिव्हरी, ब्लू डार्ट, डीटीडीसी, एक्सप्रेसबीज असे पर्याय मिळतात. सोय मोठी आहे, आणि सव्वाशे पार्सलांना कंपनीकडे थेट खातं काढून याहून बरा दर सहसा मिळतही नाही. पण 'स्वस्त तो आपोआप निवड' असा नियम चालू ठेवला, तर आजची पाच पार्सलं तीन कंपन्यांत वाटली जातात. तीन गाड्यांनी तुमच्या दारी यावं, कुणाला एक पार्सल, कुणाला दोन. कुणीच येत नाही. त्यापेक्षा पॅनेलमध्ये एक मुख्य कंपनी आणि एक पर्यायी असा पक्का नियम लावा. चाचणीच्या दोन महिन्यांतही एक दिवस एकीचा, दुसरा दिवस दुसरीचा असा पिकअप लावा, म्हणजे प्रत्येक वेळी हातात चार-पाच पार्सलं असतील आणि त्या मुलाचाही फेरा फुकट जाणार नाही. गिऱ्हाइकाला एक दिवस उशीर झाला तर चालतो, चार दिवस पार्सल घरात पडून राहिलेलं चालत नाही.

पिकअपचा भरवसा मोजायला तीन वेळा लिहून ठेवाव्या लागतात: लेबल काढलं ती, पार्सल प्रत्यक्ष हातातून गेलं ती, आणि ट्रॅकिंगवर हबचा पहिला स्कॅन दिसला ती. पहिली आणि दुसरी यांत अंतर पडलं तर पिकअपचा प्रश्न. दुसरी आणि तिसरी यांत एक दिवसाहून जास्त अंतर वारंवार पडत असेल तर पार्सलं शाखेत पडून राहतात, आणि ते जास्त वाईट, कारण तुमच्या हातात पार्सलही नाही आणि गिऱ्हाइकाला दाखवायला ट्रॅकिंगही नाही. महिन्यातले पिकअपचे दिवस मोजा आणि त्यांतले किती दिवस त्याच दिवशी माल गेला ते पाहा. मी दहातले नऊ दिवस तरी धरतो. दहातले सात आले की त्या कंपनीचा दर कितीही कमी असला तरी मी तिला सीओडी देत नाही. सीओडीचं गिऱ्हाईक जितका जास्त वेळ वाट बघतं तितका त्याचा विचार बदलतो, आणि पिकअपमधला उशीर पुढे परतीच्या पार्सलांत दिसतो.

पॅनेलवर कधी कधी 'सेलर नॉट रेडी' किंवा 'शॉप क्लोज्ड' असा शेरा दिसतो, आणि तुम्ही तर दिवसभर घरीच होता. त्या वेळी पार्सलं बांधून दारात ठेवलेला, वेळ दिसणारा फोटो जोडून त्याच दिवशी तक्रार टाका. तक्रारीने पार्सल लगेच उचललं जात नाही, पण तो शेरा तुमच्या खात्यावर साठत नाही. मॅनिफेस्टच्या, म्हणजे त्या दिवशी दिलेल्या पार्सलांच्या यादीच्या, दोन प्रती काढून एकीवर पिकअपवाल्याची सही आणि तारीख घ्यायची सवय लावा. पार्सल हरवलं तर 'आमच्याकडे आलंच नाही' या उत्तरावर तो एकच कागद चालतो.

आणि साधी गोष्ट: कार्ड बघायच्या आधी तुमच्या गल्लीतल्या दोन-तीन दुकानदारांना विचारा, तुमच्याकडे कुणाची गाडी रोज येते. जी गाडी शेजारी रोज थांबते ती तुमच्याकडेही थांबेल. तीच कंपनी इचलकरंजीत चांगली आणि कोल्हापुरात ढिली असू शकते, कारण पिकअप ही कंपनीची नाही, शाखेची गोष्ट आहे. शाखा दहा मिनिटांवर असेल तर स्वतः नेऊन देण्याची सोय आहे का तेही विचारा. शाखाप्रमुखाचा नंबर मिळाला तर तो कस्टमर केअरच्या दहा तिकिटांपेक्षा कामाचा.

पावसाळ्याचंही आपल्याकडे ध्यानात ठेवावं लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा कंपनी कुठलीही असो, माल अडकला. पाणी चढायला लागलं की दोन दिवस सीओडी बंद करा. आणि चामडं आहे, तेव्हा जोडी आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पुठ्ठ्यात.

परतीची पार्सलं

यात दोन प्रकार आहेत आणि ते एकत्र मोजू नयेत. गिऱ्हाइकाने घेतलंच नाही म्हणून परत आलेलं ते आरटीओ. घेतल्यावर माप बसलं नाही म्हणून मागे पाठवलेलं ते रिव्हर्स पिकअप. रिव्हर्सचा दर बहुतेक वेळा जाण्याच्या दरापेक्षा जास्त असतो आणि तो कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. चपलांमध्ये मापाच्या तक्रारी येणारच. त्या कुरिअर बदलून कमी होत नाहीत. ऑर्डर आल्यावर पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून लांबी मागवली की कमी होतात. त्यामुळे कुरिअरची पारख आरटीओवर करा.

पार्सल पहिल्या फेरीत दिलं गेलं नाही की पॅनेलवर एनडीआर दिसतो, म्हणजे न पोचल्याची नोंद आणि कारण. साधारणपणे तीन फेऱ्या होतात आणि मग पार्सल उलटं फिरतं. पुढच्या फेरीची सूचना द्यायला तुमच्याकडे फार तर एखादा दिवस असतो. रोज सकाळी चहाच्या आधी ही यादी बघा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करा. एकच प्रश्न विचारा: "काल आपल्याला कुरिअरवाल्याचा फोन आला होता का?" उत्तर वहीत लिहा.

कुरिअर ओळखायची माझी खरी कसोटी हीच. शेरा 'ग्राहक उपलब्ध नाही' असा आणि गिऱ्हाईक म्हणतं "दिवसभर घरी होतो, फोनसुद्धा आला नाही", ही खोटी फेरी. वीस-पंचवीस एनडीआर झाले की चित्र स्पष्ट होतं. एका कंपनीत पंचवीसपैकी तीन खोट्या निघतील, दुसरीत बारा. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. पण गिऱ्हाइकानेच "नको म्हटलं होतं" असं सांगितलं, तर तो कुरिअरचा दोष नाही, तुमच्या ऑर्डर पक्क्या करण्याचा आहे. सीओडीची ऑर्डर आल्यावर पाठवण्याआधी एक फोन किंवा व्हॉट्सॲप, एवढ्यानेच ही दुसऱ्या प्रकारची परत बरीच थांबते. आणि खोट्या शेऱ्यांसाठी करार करताना विचारा: गिऱ्हाइकाने नाकारलं असा शेरा मारायला त्याच्याकडून ओटीपी लागतो का? ज्यांच्याकडे लागतो तिथे खोट्या नकाराला जागा कमी राहते.

वहीत पिनकोडचे पहिले तीन आकडेही लिहा. तीन महिन्यांनी दिसेल की परतीची पार्सलं सगळीकडून सारखी येत नाहीत, ठराविक चार-पाच भागांतूनच येतात. तेवढ्या भागांसाठी कंपनी बदलून पाहा, नाही तर तिथे सीओडी बंद करून आधी पैसे घ्या.

आता परत आलेलं पार्सल दारात येतं तेव्हाचं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक परत आलं. पिशवी एका कडेला कापून वर खाकी टेप लावलेली, आत माझ्या चादरीऐवजी वापरलेला टॉवेल. त्या दिवशी अशी अकरा पार्सलं एकदम आली होती. मी सही केली, रास कोपऱ्यात ठेवली आणि पाचव्या दिवशी उघडली. दावा नामंजूर झाला, कारण करारात परत मिळाल्यापासून 48 तासांची मुदत होती. कंपनीची चूक होतीच, पण पैसे बुडाले ते माझ्या उशिरामुळे. तेव्हापासून परतीचं पार्सल आलं की आधी वजन. पाठवतानाच्या फोटोत 860 ग्रॅम आणि आता 540 असेल तर सही करायच्या आधीच डिलिव्हरीच्या कागदावर 'वजन कमी, पार्सल फाटलेलं' असं लिहायचं. नंतर लेबलपासून सुरू करून एकाच सलग व्हिडिओत उघडायचं. मधे कॅमेरा बंद झाला की तो व्हिडिओ पुरावा म्हणून चालत नाही.

म्हणून तिन्ही कंपन्यांना परतीबाबत लेखी विचारायच्या गोष्टी या: परतीचं भाडं जाण्याइतकं की कमी, सीओडी आकार परत मिळतो का, दावा किती तासांत करायचा, आणि हरवलं किंवा बदललं तर भरपाईची कमाल मर्यादा किती. मर्यादा तुमच्या चपलेच्या किमतीपेक्षा कमी असेल तर महागड्या जोडीला वेगळा विमा घ्या. फोनवर "मिळतं की मॅडम" म्हणाले तर मेलवर मागा. सीओडीचे पैसे किती दिवसांनी खात्यात येतात तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. दिवस डिलिव्हरीपासून मोजतात की पिकअपपासून, एवढं स्पष्ट करून घ्या. महिन्याला सत्तर-ऐंशी जोड्यांचे पैसे आठवडाभर जास्त अडकले तर चामडं उधारीवर आणावं लागतं.

तुमच्या तीन कार्डांचं काय

तुमच्या आकड्यांवरून माझा सल्ला असा. ॲग्रीगेटरचं खातं ठेवा, पण त्यातल्या दोनच कंपन्या चालू ठेवा, ज्यांची गाडी तुमच्या गल्लीत रोज येते त्या. दोन महिने सम-विषम. त्यानंतर जिचे खोटे शेरे कमी ती मुख्य आणि सगळी सीओडी तिच्याकडे, मग ती पार्सलमागे पाच-सात रुपयांनी महाग असली तरी. आधी पैसे भरलेल्या ऑर्डरींना परतीची भीती थोडी, तिथे बिनधास्त स्वस्त दर बघा. ईशान्येकडच्या आणि आडगावच्या, पैसे आधी आलेल्या ऑर्डरी स्पीड पोस्टाने काउंटरवर नेऊन द्या. जिथे खाजगी कंपनीची शाखा नाही तिथेही पोस्टमन जातो.

रेट कार्ड जुनं असेल तर नवं मागा. उदाहरणार्थ ईकॉम एक्सप्रेस 2025 मध्ये डेल्हिव्हरीने विकत घेतली, तरी जुन्या कार्डांवर दोघांचे वेगळे रकाने अजून दिसतात. त्यावर हिशोब मांडाल तर पहिल्याच बिलात तफावत निघेल. दर सहा महिन्यांनी, साधारण गणपतीच्या आधी आणि संक्रांतीनंतर, हीच शंभर ऑर्डरींची यादी पुन्हा काढा. दिवाळीच्या गर्दीत सगळ्यांचे पिकअप ढेपाळतात, तेव्हाचे आकडे धरून कंपनी बदलू नका.

तुमची यादी तयार झाली की पिनकोड आणि झोनचे रकाने इथे टाका, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर काढून. बेळगाव-गोव्याची किती निघतात ते बघितलं की बी ची कुठली व्याख्या तुम्हाला परवडेल ते लगेच सांगता येईल.